शब्दचर्चा: 'स्ट्रेन'ला 'ताण' म्हणावं का?

मृण्मयी: वाळूवरचा पाया भाराने किती खाली जाईल, म्हणजे त्याचं सेटलमेंट, काढायच्या श्मर्टमनच्या पद्धतीवर मराठीत टिपण लिहितेय. 'स्ट्रेन इन्फ्लुअन्स फॅक्टर'ला 'ताण प्रभाव गुणांक' चालेल का? आणि जमिनीत शंकू दाबताना होणाऱ्या विरोधाला, 'कोन रेझिस्टन्स'ला, 'कोनाचा विरोध'?

बापू: चालेल की. ताण फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या, बुडाशी सगळ्यात जास्त असतो नि खाली कमी होत जातो. सगळ्यांना कळेल.

हेमंत: बापू, तुमचं वाक्य स्ट्रेसबद्दल, म्हणजे वाळूतल्या दाबाबद्दल, खरं आहे; स्ट्रेनबद्दल, म्हणजे त्या दाबाने वाळू किती दबते त्याबद्दल, नाही. म्हणूनच 'ताण' नको, पाठ्यपुस्तकातला 'विकृती' घ्या. श्मर्टमनने 1970 मध्ये नेमकं हेच दाखवलं. वाळूला बुडाशी आडवं पसरायला फुटिंगचा खरखरीत तळ अडवतो, त्यामुळे चौरस फुटिंगखाली विकृतीचं शिखर अर्ध्या रुंदीइतकं खाली येतं आणि दुप्पट रुंदीवर शून्य होते.

आकडे घेऊ. 2 मीटरचं चौरस फुटिंग, 1 मीटर खोल, निव्वळ दाब 150 किलोपास्कल, पाणी बरंच खाली. 1978 च्या सुधारित रीतीने प्रभाव गुणांक बुडाशी 0.1, 1 मीटर खाली सुमारे 0.7, 4 मीटरवर शून्य. शंकूची नोंद पहिल्या मीटरला 4 मेगापास्कल, दुसऱ्याला फक्त 2, पुढे 8. वाळूच्या कडकपणाचा मापांक नोंदीच्या अडीचपट धरला आणि खोलीचा गुणांकही लावला की एकूण 25 मिमी येतं, त्यातले 16 त्या एका सैल मीटरचे. तोच सैल थर तळाच्या मीटरला असता आणि दुसऱ्या मीटरला 8 मिळाले असते, तर सगळं मिळून 15-16 मिमीच.

मृण्मयी: म्हणजे सगळ्या नोंदींची सरासरी काढून एकच आकडा वापरला तर हा फरक दिसणारच नाही.

हेमंत: हो. थर पाडूनच बेरीज करायची. आणि मराठीत 'कोन' म्हणजे अँगल. शंकूचा टोकाचा कोन 60 अंश असतो, मग त्या वाक्यात काय गोंधळ होईल बघा. 'शंकूरोध' म्हणा.

सुषमा: आमच्या घराच्या भिंतींना उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात मिटतात. काळी माती आहे. शंकू टोचून बघावा का?

हेमंत: सुषमाताई, ती माती सुकली की आकसते, भिजली की फुगते. हा हिशोब वाळूचा, तिथे लागू नाही. माती तपासणाऱ्याला फुगण्याची चाचणी करायला सांगा.

बापू: बरं, स्ट्रेनचं पटलं. पण सेटलमेंटला 'खचणे' लिहू नका. खचला म्हटलं की मालक पळत येतो. 25 मिमीला 'बसणे'.

हेमंत: साइटवर 'घर बसलं' म्हणजे पडलंच ना! शिवाय हे 25 सुरुवातीचे. काळाचा गुणांक लावला तर पाच वर्षांनी 34. हळूहळू वाढणाऱ्या या भागाला काय म्हणायचं?

मृण्मयी: तूर्तास 'सेटलमेंट'च ठेवते.