‘मऊघडी’ : वर्णनात्मक की सूचक?

निशिगंध
विधीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पेपर मराठीतून लिहिणार आहे. सरावाच्या प्रश्नपत्रिकेतला हा १० गुणांचा प्रश्न बघा.

तयार पोळ्या विकणाऱ्या एका उद्योगाने जून २०२४ मध्ये ‘मऊघडी’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. २०२१ पासून सांगली-साताऱ्यात हे नाव वापरात आहे. ट्रेडमार्क कार्यालयाच्या परीक्षकाने ट्रेडमार्क कायद्याखाली दोन हरकती काढल्या. पहिली, नाव वर्णनात्मक आहे, कलम ९(१)(ब). दुसरी, २०१७ पासून पाकीटबंद पोळ्यांसाठी नोंदलेल्या ‘मऊघास’शी गोंधळ होईल, कलम ११(१). अर्जदाराची बाजू मांडा आणि ती टिकेल का ते सांगा.

माझी अडचण शब्दांची आहे. ‘मऊघडी’ला वर्णनात्मक म्हणायचं, म्हणजे मालाचं थेट वर्णन करणारं, की सूचक, म्हणजे अर्थ कळायला थोडी कल्पना लढवावी लागणारं? आणि दोन्ही हरकतींना एकच उत्तर चालेल का?

मुळाकाठ
भाषेच्या बाजूने सांगतो. ‘घडीची पोळी’ घरोघरी माहीत आहे, पण ‘मऊघडी’ असा समास मराठीत कुणी बोलत नाही. ‘आज मऊघडी केली’ हे वाक्य कानाला खटकतं. म्हणजे शब्द घडवलेला आहे, वर्णनात्मक नाही. आणि ‘मऊघास’शी गोंधळ कसा होईल? घडी म्हणजे दुमडलेला थर, घास म्हणजे तोंडात मावेल तेवढं अन्न. अर्थ वेगळे, मूळही वेगळं. दोन्ही हरकती फेटाळायला हव्यात.

अडकित्ता
मुळाकाठ, घडीच्या पोळीचा मुद्दा अगदी बरोबर आहे, पण तो अर्जदाराच्या विरोधात जातो. कायदा ‘लोक आज असं बोलतात का’ एवढंच विचारत नाही. मालाचा प्रकार किंवा गुण सांगायला हा शब्द व्यापारात उपयोगी पडू शकेल का, हे तो विचारतो. उद्या दुसरा पोळीवाला पाकिटावर ‘मऊ घडीची पोळी’ छापणारच, आणि त्याला ते छापता आलं पाहिजे. दोन शब्दांमधली जागा काढून टाकली म्हणून अर्थ लपत नाही. मॅरिको विरुद्ध अ‍ॅग्रो टेक या खटल्यात, २०१० साली, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ‘लोसॉर्ब’बद्दल हाच विचार केला. तेल कमी शोषलं जातं हे सांगणारे शब्द थोडे मोडून जोडले, तरी त्यांवर सहज मक्तेदारी मिळत नाही.

गोंधळाबाबतचं तुमचं म्हणणं तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच नाकारलं आहे. ‘अमृतधारा’ विरुद्ध ‘लक्ष्मणधारा’. दोन्ही पोटदुखी, डोकेदुखीवरची औषधं. उच्च न्यायालय म्हणालं होतं, अमृताची धारा वेगळी, लक्ष्मणाची धारा वेगळी, गोंधळ होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साधारण बुद्धीचा, अर्धवट आठवण असलेला गिऱ्हाईक शब्दाची फोड करत बसत नाही. मागे असंच काहीतरी नाव असलेलं औषध घेतलं होतं, एवढंच त्याला आठवतं.

आता दुकानात उभं राहून ऐका. ‘मऊघ…’ इथपर्यंत दोन्ही नावं सारखीच, शेवटचा तुकडा तेवढा वेगळा. फोनवर ‘दोन मऊघास पाठवा’ सांगितलं तर? माल एकच, गिऱ्हाईक तेच, पाकीट स्वस्त, फारसा विचार न करता उचललं जाणारं. कलम ९ मध्ये शब्दाचा अर्थ उघडून बघायचा. कलम ११ मध्ये अर्थ मोजतात, पण तो एकटा निकाल देत नाही. दिसणं, ऐकू येणं आणि मनात उरणारी कल्पना, तिन्ही मिळून ठरतं.

तांबटआळी
माझंही असंच झालंय! लाडूंचं नाव कंपनी म्हणून नोंदवून मिळालं आणि ट्रेडमार्कला हरकत आली. सरकारने एकीकडे नाव दिलं तर दुसरीकडे कसं नाकारतात? हेच उत्तरात लिहा.

अडकित्ता
ते लिहू नका, तो मुद्दा प्रश्नात नाही. कंपनीचं नाव मिळणं आणि मालावरच्या चिन्हाचा हक्क मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तांबटआळी, तुमच्या तपासणी अहवालाला उत्तर द्यायची मुदत तो मिळाल्यापासून एक महिना असते, ती तेवढी आधी बघा.

निशिगंध
मग अर्जदारातर्फे असं लिहू का : ‘मऊ हा शब्द सगळेच पोळीवाले वापरतात, त्यावर मऊघासचा हक्क नाही, म्हणून साम्य धरू नये’?

अडकित्ता
बहुतेक उत्तरं इथेच फसतात. हे वाक्य कलम ११ ला उपयोगी आहे, सामाईक आणि वर्णनपर भागाला कमी वजन मिळतं. पण याच वाक्याने ‘मऊ’ वर्णनपर असल्याचं तुम्ही कबूल करता, आणि ते कलम ९ मध्ये तुमच्यावर उलटतं. म्हणून क्रम सांभाळा. आधी म्हणा की चिन्ह अख्खं बघावं, ‘मऊघडी’ हा जोडशब्द एकसंध आहे, आणि कायद्यात ‘केवळ’ वर्णनपर खुणांनाच मनाई आहे. मग म्हणा की ते मान्य नसेल, तर वापराने वेगळेपण आलं आहे. कलम ११ ला आल्यावर ‘मऊ’वर हक्क सांगू नका, कलम १७ प्रमाणे तो भाग सोडून द्या, आणि भर ‘घडी’ व ‘घास’ यांतल्या फरकावर द्या. तरीही तोल डळमळीतच राहतो, कारण घडी हाच शब्द पोळीचा प्रकार सांगतो. तसं प्रामाणिकपणे लिहा. गुण त्यालाच मिळतात.

निशिगंध
वापराचा पुरावा २०२१ ते आजपर्यंतचा देऊ?

अडकित्ता
नाही. वेगळेपण अर्जाच्या तारखेआधी आलेलं असावं लागतं. म्हणजे इथे जून २०२४ पर्यंतच्या विक्रीच्या पावत्या, जाहिरातखर्च, दुकानदारांची निवेदनं. नंतरची बिलं या मुद्द्याला उपयोगी नाहीत. शिवाय नुसती विक्री पुरत नाही, नाव ऐकून गिऱ्हाइकाला माल नव्हे तर विकणारा आठवला पाहिजे. सांगली-सातारा आणि तीन वर्षं, माझ्या मते हे तोकडं आहे.

मुळाकाठ
अमृतधाराचा निकाल मान्य. पण मग लक्ष्मणधाराला शेवटी नोंदणी मिळाली होती ना?

अडकित्ता
मिळाली, आणि उत्तरात हे जरूर घ्या. साम्य आहे असं ठरल्यावरही मिळाली, कारण लक्ष्मणधारा १९२३ पासून विकलं जात होतं आणि अमृतधाराच्या मालकांनी ते चालू दिलं होतं. पण नोंदणी उत्तर प्रदेशापुरतीच मर्यादित राहिली. आज अशी मागणी कलम १२ खाली, प्रामाणिक समांतर वापर किंवा विशेष परिस्थिती म्हणून करता येते. ‘मऊघास’च्या मालकाने काही चालू दिल्याचं प्रश्नात म्हटलेलं नाही, तेव्हा ते गृहीत धरू नका.

निशिगंध
मसुदा असा लिहिलाय :

‘मऊघडी हे चिन्ह तयार पोळीचा गुण आणि प्रकार सांगते. दोन शब्द जोडल्याने ते सूचक होत नाही, कारण अर्थ कळायला गिऱ्हाइकाला कल्पनेची उडी घ्यावी लागत नाही. अर्जापूर्वीच्या वापराने वेगळेपण आल्याचा पुरावा दिला, तर कलम ९ ची हरकत दूर होऊ शकते. तीन वर्षांचा स्थानिक वापर त्याला बहुधा पुरणार नाही. ती हरकत दूर झाली तरी, अमृतधाराच्या कसोटीवर मऊघासशी गोंधळाची शक्यता उरते. अर्जदाराकडे मऊघासच्या मालकाची संमती किंवा कलम १२, हे मार्ग राहतात.’

अडकित्ता
चांगलं आहे. ‘बहुधा’ राहू द्या.

मुळाकाठ
‘कल्पनेची उडी’वर मी अजून अडतोय. आमच्याकडे जुनी माणसं ‘घडी’ म्हटलं की कपड्याची घडीच समजतील. पोळी मनात यायला पाकीट समोर लागतं. मग ही थोडीशी उडी नाही का?

अडकित्ता
चिन्ह मालाच्या संदर्भात बघतात, आणि अर्जात माल पोळी असाच लिहिलेला आहे. पण घडीची पोळी माहीत नसलेल्या, मराठी न बोलणाऱ्या गिऱ्हाइकाचं किती धरायचं, यावर वकील उद्याही भांडतील. मी वर्णनात्मकच म्हणेन. तुम्ही सूचक म्हणून लिहिलंत आणि हे कारण नीट मांडलंत, तर मी गुण कापणार नाही.