पोर्टफोलिओ क्लिपच्या वर्णनात पहिली ओळ कोणती? मदत हवी आहे

मसाले-लोणच्यांची पाकिटं डिझाइन करते. 50 सेकंदांची आडवी क्लिप यूट्यूबवर टाकायची आहे. शॉर्ट्स मुद्दाम टाळलंय, तिथे वर्णनातली लिंक दाबता येत नाही.

आधीचं शीर्षक होतं ‘माझं काम, फायनल’. त्यावरून कोणाला काय कळणार! आता असं केलंय:

‘मसाला-लोणचं पॅकेजिंग डिझाइन | देवनागरी लेबल, डायलाइन, छपाईची फाइल’

वर्णनात आधी सॉफ्टवेअरची नावं होती. लोणचंवाल्या काकूंना त्यांचं काय? ती काढून ‘200 ग्रॅमच्या पाउचपासून बरणीच्या लेबलपर्यंत, छापखान्याला थेट देता येईल अशी फाइल’ असं लिहिलं. संपर्क एकच ठेवायचाय. ईमेल दाबून उघडत नव्हता, म्हणून `https://wa.me/` ची लिंक घेतली. नंबर कामासाठीचा वेगळा आहे, वेबसाइट नाही.

अडचण जागेची आहे. लॅपटॉपवर वर्णनाच्या वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, मोबाइलवर तर ‘आणखी’ दाबेपर्यंत जेमतेम काही शब्द. कौशल्यं शीर्षकात आलीच आहेत, तर पहिल्या ओळीत थेट व्हॉट्सॲपची लिंक टाकू का? की आधी कामाची ओळ आणि लिंक दुसरीत? ज्यांना अशा क्लिपवरून खरंच चौकशा आल्या, त्यांची पहिली ओळ काय आहे?