चार्जिंगच्या भोकातला पुंजका: तुमचे अनुभव लिहा

लोकहो, महिनाभर माझा फोन रात्री चार्जिंगला लावला की सकाळी ३० टक्क्यांवर. केबल जरा हलली की चार्जिंग बंद, उशीखाली विशिष्ट कोनात दाबून ठेवली की सुरू. दोन नव्या केबली आणल्या, तेच.

शेवटी एक गोष्ट लक्षात आली. तीच केबल बायकोच्या फोनमध्ये 'टक्' करून पूर्ण आत जायची. माझ्या फोनमध्ये मात्र तिच्या धातूच्या टोकाचा मिलिमीटरभर भाग बाहेर दिसत राहायचा. म्हणजे आत काहीतरी बसलं होतं. टॉर्च मारून बघितलं तर तळाशी राखाडी थर. मला तो फोनचाच भाग वाटत होता!

फोन बंद केला. टाइप-सीच्या भोकात मधे एक पातळ जीभ असते, तिच्यामुळे नेहमीचं दातकोरणं आत मावत नाही. मग ब्लेडने तासून ते चपटं केलं. जिभेला न टेकवता, बाहेरच्या भिंतीलगत तळापर्यंत नेलं आणि हळूच बाहेर ओढलं. पहिल्यांदा नुसती धूळ आली. चौथ्या-पाचव्या खेपेला गादीतल्या कापसासारखा दाबून बसलेला पुंजका निघाला. जिभेच्या दुसऱ्या बाजूलाही तेवढाच. खिशातलं तूस आत जातं आणि दर वेळी केबल घालताना आपणच ते ठासतो. आता 'टक्' ऐकू येतं.

तुमचं काय झालं ते लिहा.

सुईदोरा: एवढा खटाटोप कशाला? मी तीन वर्षं शिवणाची सुई वापरतेय. आत घालायची, गोल फिरवायची, कचरा बाहेर. काही होत नाही.

जुनाबाजार: ताई, तळातला कचरा सुईने निघतो हे खरं, पण गोल फिरवू नका. माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जिभेवरच्या पिनांना सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो खरवडला गेला की पिन काळी पडायला लागते. आणि जीभ तुटली तर जॅकच बदलावा लागतो.
आणखी एक. केबल एका बाजूने घातली की चार्ज होतं, उलटी घातली की नाही, असं असेल तर जिभेच्या एकाच बाजूच्या पिनांवर घाण आहे किंवा त्या खराब झाल्यात. आधी साफ करा, तरी तसंच राहिलं तर दुकान गाठा. केबल पूर्ण आत बसते, 'टक्'ही होतं, पण हलवली की चार्जिंग तुटतं, तेव्हा कचऱ्याचा संबंध बहुधा नसतो. केबल बदलून बघा, नाहीतर जॅकचा टाका सुटलेला असतो.

हवाबाण: मी पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली. एका सेकंदात काम फत्ते.

जुनाबाजार: नशीब तुमचं. त्या टाकीत पाणी साचतं, ते हवेबरोबर उडतं. शिवाय जोर एवढा असतो की पुंजका आणखी आत बसू शकतो. तोंडाने फुंकलं तर थुंकीचा ओलावा जातो, तेही नको.

चक्कीवाला: आमच्याकडे तूस नाही, पीठ! गिरणीत दिवसभर फोन गल्ल्यावर पडलेला. एकदा पोराने कापसाच्या काडीला पाणी लावून साफ करायला घेतलं आणि आत कणीकच मळली. वाळल्यावर दगड. जॅक बदलावा लागला. तेव्हापासून लहान मुलांचा मऊ टूथब्रश, तोही कोरडा, भोक खाली करून. आठवड्यातून एकदा.

आजीचीबॅग: माझा फोन संध्याकाळपर्यंत बसतो, बॅटरी टिकत नाही. दातकोरण्याने फरक पडेल का?

धागाकर्ता: आजी, चार्जिंग पूर्ण १०० टक्के होऊन लवकर उतरत असेल तर दातकोरण्याचा उपयोग नाही. ते बॅटरीचं दुखणं आहे.

मालवणी: आमच्याकडे पावसात आणि खाऱ्या हवेत वेगळंच. तूस काढलं तरी फोन 'ओलावा आहे' म्हणून चार्जिंग नाकारतो. टॉर्चमध्ये पिनेवर हिरवट डाग दिसले. तांदळात ठेवून काय झालं? भोकात तांदळाचा कोंडा. दुकानदाराने आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून साफ केलं, सुकू दिलं, मग चाललं. दीड महिन्याने डाग परत आले.

सुईदोरा: मग घरातलं सॅनिटायझर चालेल ना?

जुनाबाजार: नाही हो. त्यात पाणी असतं, जेल असेल तर चिकटही राहतं. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं घ्या, अगदी थोडं, आणि फोन बंद असताना. पण हिरवं एकदा धरलं की मीही खात्री देत नाही.

हवाबाण: भोकाला रबरी बूच लावलं तर? कुणी वापरलंय?

चक्कीवाला: मी लावलं होतं. चार दिवसांत पिठात हरवलं.