दुपट्याच्या चिंध्या झाल्या तरी सोडत नाही. हट्ट समजायचा का?

मानेवाड्याची आई: मुलगी साडेतीन वर्षांची. तिच्या आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं आहे, आता निव्वळ चिंध्या. इतवारीतून तसंच कापड आणून हुबेहूब शिवलं. तिनं हुंगलं अन् फेकून दिलं. जुनं लपवून टाकू का?

महालकर: वासाचा खेळ आहे सगळा. नवं दुपटं आठ दिवस तिच्या उशाशी ठेवा, वास लागला की घेईल.

बर्डीवाले काका: काहून एवढं डोक्यावर घेता? आम्ही चार भावंडं आईजवळ एकाच गादीवर झोपायचो, कोणाले चिंधी लागली नाही. वेगळ्या खोलीत झोपवायची फॅशन आली अन् हे सुरू झालं. लपवा, दोन दिवस रडेल.

मानेवाड्याची आई: काका, ती माझ्याच कुशीत झोपते.

बालमानस: महालकर, वास आहेच, पण तेवढ्यानं भागत नाही. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांचा 2008 साली छापलेला प्रयोग बघा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं, त्यात वस्तू घातली की तशीच दुसरी निघते अशी हातचलाखी. साध्या खेळण्याची नक्कल मुलं खुशाल घेत होती. पण ज्याच्याशिवाय झोप येत नाही ते खेळणं काही जणांनी यंत्रात घालूच दिलं नाही, आणि ज्यांनी घालू दिलं त्यांतल्या बहुतेकांनी आपलं मूळचंच परत मागितलं. खरी नक्कल झालीच नव्हती, म्हणजे वेगळा वास येण्याचा प्रश्नच नाही. दिसायला सारखं असलं तरी ‘ते’ ते नाही, एवढं मुलांना पुरतं.

काकांचं अर्धं बरोबर आहे. आईजवळ झोपणाऱ्या मुलांत हे कमी दिसतं. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. विनिकॉट नावाच्या इंग्रज बालरोगतज्ज्ञानं 1953 च्या लेखात हे नेहमीच्या वाढीतलंच धरलं होतं. लपवू नका. तिच्यासमोर जुन्याचा तुकडा नव्याच्या कोपऱ्यात शिवा, कात्री कुठे लावायची ते तिला विचारून. धुवायचं तेही तिला सांगून. आपल्या मे महिन्यात अर्ध्या तासात वाळतं. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र झोपताना असं मोकळं कापड नको, तोंडावर येतं.

गोधडीताई: वाकळ शिवून पाहिजे का? जुन्या सुती साड्या दोन लागतील.

बर्डीवाले काका: शाळेतही नेईल मग. तेव्हा सांगा.

बालमानस: नेऊ द्या दप्तरात. दिवसभर तेच कवटाळून बसली, खेळायलाच उठेना, तर डॉक्टरांना दाखवा.

मानेवाड्याची आई: काल विचारून शिवायला बसले. म्हणाली, कात्री नाही, नवं जुन्याला शिव. आता चिंधीला नवं कापड लोंबतंय. झोपताना चिंधीच हातात, नवं पलंगाखाली.

महालकर: आठ दिवस थांबा म्हटलं ना.