मदत हवी आहे: मासिक वर्गणी, वार्षिक व्याज, आणि मधेच काढलेली रक्कम

निधीत दरमहा १,००० जमा होतात, दर वर्षाला ९ टक्के. व्याज दर महिन्याच्या शिलकेवर मोजतात, पण खात्यात वर्षअखेरीस एकदाच टाकतात. एक्सेलचा नेहमीचा फॉर्म्युला असा:

```
=FV(9%/12,120,-1000,0,1)
```

याने १० वर्षांनी सुमारे १,९४,९६६ येतात. पण हे दरमहा चक्रवाढ झालं, इथे ती वर्षातून एकदाच आहे. म्हणून हाताने केलं. पहिला हप्ता १२ महिने, दुसरा ११, असं शेवटचा १ महिना, बेरीज ७८. महिन्याला पाऊण टक्का, म्हणजे वर्षाचं व्याज ५८५ आणि शिल्लक १२,५८५. दहा वर्षांनी सुमारे १,९१,२०३.

पासबुकात मात्र पहिल्या वर्षाअखेर १२,४९५ आहेत. म्हणजे वर्गणीला व्याज पुढच्या महिन्यापासून धरलंय (७८ ऐवजी ६६), आणि तो हिशोब जुळतो. अडलंय ते इथे: सातव्या महिन्यात काही रक्कम काढली, तर ती त्याच महिन्याच्या शिलकेतून वजा करायची की पुढच्या? वर्गणीही मधेच वाढली असेल, तर महिनावार तक्त्याशिवाय काही सूत्र चालतं का? असा तक्ता कुणी केला असेल तर स्तंभ कसे मांडले ते कृपया सांगा.