मदत हवी आहे: बाजार घाबरला की पैसा कुठे ठेवावा? सोनं, डॉलर-येन की सरकारी रोखे?

धंतोलीकर: शेअर विकून १२ लाख मोकळे केलेत. बाजाराची धास्ती वाटते. सोनं, परकी चलन की सरकारी रोखे? या आठवड्यात ठरवायचंय, लवकर सांगा.

खामला_७: पैसे लागणार कधी? ते लिहिलंच नाही तुम्ही.

सराफा_लाइन: भाऊ, डोळे मिटून सोनं. घबराटीत सोनं पडतच नाही.

रोखेवाला: पडतं. मार्च २०२० मध्ये दहाच दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त घसरलं. ज्यांना शेअरच्या तोट्यापायी रोकड भरायची होती, त्यांनी जे विकलं जाईल ते विकलं. अमेरिकेचे रोखेसुद्धा विकले गेले. त्या दिवसांत वर गेला तो डॉलर.

सराफा_लाइन: आणि ऑगस्टमध्ये तेच सोनं ५५ हजारांच्या वर होतं ना!

रोखेवाला: हो, थांबू शकला त्याचं भलं झालं. आपल्याला आणखी एक आधार असतो. मार्च २००८ मध्ये औंस साधारण १,००० डॉलर आणि डॉलर ४० रुपये, म्हणजे ४०,००० रुपये. ऑक्टोबरअखेर औंस ७०० च्या आसपास, पण डॉलर ५० वर, म्हणजे ३५,०००. डॉलरमध्ये ३० टक्के पडलेलं सोनं रुपयात साडेबारा टक्केच पडलं. आपल्या सोन्यात थोडा डॉलर आधीच असतो.

इतवारी_काकू: मी मागं बांगड्या मोडल्या, घडणावळ पूर्ण गेली वर घटही कापली. दागिने घेऊ नका बाप्पा.

खामला_७: काकू, ते दागिन्यांचं विचारतच नाहीत.

येनप्रेमी: येन घ्या. घबराटीत जपानी लोक पैसा घरी नेतात.

रोखेवाला: २०२२ मध्ये शेअर पडत होते तेव्हा येनही पडला, कारण व्याज अमेरिकेत वाढलं, जपानमध्ये नाही. आपले लांब मुदतीचे रोखेही रुपयाच्या घबराटीत कामाचे नाहीत. जुलै २०१३ मध्ये रुपया सावरायला रिझर्व्ह बँकेनं व्याज चढवलं आणि गिल्ट फंड आपटले.

धंतोलीकर: सॉरी, राहिलं. मुलगी सात महिन्यांनी जर्मनीला शिकायला जातेय, त्यासाठीच आहेत. मला वाटलं त्यानं काही फरक पडत नाही.

रोखेवाला: दादा, सगळा फरक त्यानंच पडतो! तुमचं देणं युरोत आहे, तर तुमचा आसरा युरोच. व्हिसासाठी बहुधा ब्लॉक्ड अकाउंट लागेल, म्हणजे तिच्या तिथल्या राहण्याखर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचं खातं. त्याची रक्कम एकदम न पाठवता दोन-तीन हप्त्यांत पाठवा, म्हणजे एकाच दिवसाचा भाव गळ्यात पडणार नाही. तिकीट, कपडे वगैरे रुपयातला खर्च ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलात ठेवा. मुदत इतकी छोटी की व्याज वाढलं तरी किंमत फारशी हलत नाही.

सराफा_लाइन: थोडं तरी सोनं ठेवा. युरोही पडू शकतो.

रोखेवाला: पडला तर फीही रुपयात तेवढीच स्वस्त होईल. भीती तो चढण्याची आहे.

धंतोलीकर: आणि व्हिसा नाकारला तर? युरो परत आणताना किती कापले जातात?

खामला_७: ते बँकेकडून लेखी घ्या. माझ्या भाच्याचे परत आले, पण वेळ लागला.