मदत हवी आहे: सासूबाईंचा नवरात्राचा उपवास, डोकं भयंकर दुखतंय, उपवासाला चालेल असं काय देऊ?

अनघा_क (दुपारी ४:५०)
साबांचे नऊ दिवसांचे उपवास आहेत, फक्त चहा, पाणी आणि संध्याकाळी मोसंबीचा रस. आज चौथी माळ. परवा दुपारपासून डोकं दुखतंय, आज तर उठवतच नाहीये. काल आरतीला उभ्या असताना हात थरथरत होते आणि घाम फुटला होता. आज अजून रस घेतलेला नाही. दरवर्षी करतात, त्यामुळे सोडा म्हणून सांगू नका, ऐकणार नाहीत. क्रोसिन रिकाम्या पोटी चालेल का? की दुसरं काही घरगुती? लवकर सांगा प्लीज.

सुगरण_नंदा
ताई, हे पित्त आहे. साबुदाणा नि शेंगदाणे एकदम बंद करा, वरईचे तांदूळ ताकात कालवून द्या. उपवासाची डोकेदुखी नव्वद टक्के साबुदाण्यानेच होते.

अनघा_क
नंदाताई, त्या काहीच खात नाहीयेत. वर लिहिलंय.

वैद्यक_वि
अनघा, चार गोष्टी आधी सांगा. वय किती? रोजच्या गोळ्या कोणत्या, नावासकट? चहात साखर घालता का? आणि घरात ग्लुकोमीटर आहे का? थरथर आणि घाम हे डोकेदुखीपेक्षा महत्त्वाचं आहे. तोवर क्रोसिन राहू द्या. ब्रूफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं तर अजिबात नकोत.

मुलुंडकर_शाह
माझी दोन वेळा अठाई झाली आहे, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. डोकं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतंच, कारण रोजचा चहा एकदम तुटतो. चौथ्या दिवशी आपोआप थांबतं. आमच्याकडे आठवडाभर आधी चहा रोज एकेक कप कमी करतात, म्हणजे त्रास होत नाही. काळजी करू नका, धीर धरा.

वैद्यक_वि
शाहसाहेब, चहा तुटण्याचं कारण तुमच्या बाबतीत बरोबर आहे. पण या बाईंचा चहा तुटलेला नाही, चालूच आहे. आणि अठाई करणारी निरोगी व्यक्ती वेगळी, गोळ्या घेणारी वेगळी.

निसर्ग_मित्र
सरळ कारण आहे, पाणी कमी पडतंय. दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायला लावा, दर अर्ध्या तासाला एक ग्लास. शरीर शुद्ध होत असताना विषारी द्रव्यं बाहेर पडतात, डोकं दुखणारच.

अनघा_क
वय ६१. चहा बिनसाखरेचा, कारण शुगर आहे. दिवसाला सहा-सात कप होतात. गोळ्या नेहमीच्याच, सकाळी ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली, आणि बीपीची टेल्मिसार्टन, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असं लिहिलंय. गोळ्या चुकवत नाहीत, त्याबाबत फार काटेकोर आहेत. पाणी भरपूर पितात, तीनेक लिटर सहज. मीटर आहे, पण पट्ट्या संपल्या होत्या. ह्यांना आणायला पाठवलंय.

वैद्यक_वि
म्हणजे मुख्य गोष्ट ही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तिचा डोस त्यांच्या रोजच्या दोन जेवणांच्या हिशोबाने ठरलेला आहे. आता जातंय काय? सहा-सात कप चहातलं दूध आणि एक ग्लास रस. त्यातली सगळी साखर-पिष्टं मिळून एका ज्वारीच्या भाकरीइतकी भरतात, तीही दिवसभरात. गोळीचा जोर मात्र जवळजवळ चोवीस तास राहतो. कालची थरथर आणि घाम साखर उतरल्याची असण्याची शक्यता मोठी आहे.
पट्ट्या आल्या की लगेच तपासा. बोट साबणाने धुऊन पुसा, रसाचा हात लागला असेल तर आकडा खोटा जास्त येतो. ७० च्या खाली आला तर आकडा लिहायला इथे येऊ नका. आधी तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या फुलपात्र पाण्यात विरघळवून पाजा. पट्ट्या यायला उशीर झाला आणि थरथर पुन्हा दिसली, तर न मोजताच पाजा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी परत मोजा. बोलणं असंबद्ध झालं, गुंगी आली किंवा गिळता येईना, तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

अनघा_क (५:४५)
५:२० ला ६२ आली. साखरपाणी दिलं, उपवास मोडतो म्हणत होत्या, पण मी हट्ट केला. ५:३५ ला ७४. आता झालं ना? घाम थांबलाय. डोकं मात्र तसंच आहे.

वैद्यक_वि
नाही झालं. साखरपाण्याचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि गोळी अजून कामावर आहे. आत्ताच एक पेला दूध आणि राजगिऱ्याच्या दोन वड्या द्या, दोन्ही उपवासाला चालतात. सहा वाजता परत मोजा. डॉक्टरांना फोन करा आणि हेच शब्द सांगा: ग्लिमेपिराइड चालू, चार दिवस जेवण नाही, साखर ६२. या गोळीने उतरलेली साखर पुन्हा उतरते, म्हणून अशांना बरेचदा रात्रभर देखरेखीखाली ठेवतात.

कोल्हापुरी_पांढरा
उद्यापासून गोळ्याच बंद करा की. खात नाहीत तर शुगर वाढणार कुठनं?

वैद्यक_वि
अर्धं बरोबर. जेवण नसताना ग्लिमेपिराइड नको हे खरं, पण ती कधी थांबवायची हे त्यांचे डॉक्टर आजच सांगतील. ‘सगळ्या गोळ्या बंद’ हा वेगळा प्रकार झाला. इन्सुलिन घेणाऱ्याने, विशेषतः टाइप १ वाल्याने, असं केलं तर न खाताही साखर चढते आणि रक्तात आम्ल साचतं. अशांनी असा उपवास धरूच नये.

निसर्ग_मित्र
पण डोकेदुखी पाण्याचीच. साखर सुधारून डोकं थांबलं नाही, त्यांनीच लिहिलंय.

वैद्यक_वि
डोकं साखर सुधारल्यावरही काही वेळ दुखू शकतं. पण तुमचा मुद्दा घेऊन पुढे जाऊ. त्या तीन लिटर पाणी पिताहेत, म्हणजे पाणी कमी नाही, मीठ कमी आहे. बीपीच्या गोळीतला हायड्रोक्लोरोथायझाइड हा भाग लघवीवाटे सोडियम काढत राहतो. एरवी ते आमटी-भाजीतून भरून निघतं. चार दिवस आमटी नाही, भाजी नाही, वर नुसत्या पाण्याचा मारा. सोडियम घसरतं, आणि त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, सुस्ती. अशा वेळी आणखी पाणी पाजलं तर ते आणखी पातळ होतं. तुमचे पाच लिटर या बाईंना आकडी आणू शकतात. म्हणून क्रोसिनचा प्रश्न नंतरचा, आज सोडियम तपासायला हवं.
अनघा, बीपीचं यंत्र असेल तर पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा आणि उभं करून एक मिनिटाने परत मोजा, धरून उभं करा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडला तर डॉक्टरांना तेही सांगा.

सुगरण_नंदा
मग शेंदेलोण घालून कोकम सरबत द्यावं. शेंदेलोण उपवासाला चालतं.

कोल्हापुरी_पांढरा
बीपीवाल्या माणसाला मीठ पाजताय होय?

वैद्यक_वि
नंदाताईंची सूचना एरवी चांगली आहे. लिटरभर सरबतात अर्धा चहाचा चमचा शेंदेलोण, दिवसभरात घोट घोट, हे रोजच्या जेवणातून सुटलेलं मीठ भरून काढणं झालं. जास्तीचं मीठ नव्हे. पण पायाला सूज, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर आपल्या मनाने नको. आणि आज या घरात तपासणीआधी काहीच प्रयोग नको.

पनवेल_प्रवासी
धागा वाचून घाबरलो. वडिलांचेही उपवास चालू आहेत, फळांच्या रसावर. त्यांची गोळी डापाग्लिफ्लोझिन. पण त्यांची साखर रोज ११० ते १४० येते, म्हणजे ते सुरक्षित ना?

वैद्यक_वि
त्यांचा धोका वेगळा आहे आणि मीटरवर दिसत नाही. ही गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते, म्हणून आकडा छान दिसतो. पण पिष्टं फार कमी मिळाली की शरीर चरबी जाळतं, कीटोन साचतात आणि साखर नॉर्मल असतानाच रक्त आम्लयुक्त होतं. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालयात न्या आणि गोळीचं नाव आधी सांगा. लक्षणं नसली तरी आजच डॉक्टरांशी बोला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी निदान तीन दिवस थांबवतात, ती याच कारणासाठी.

पनवेल_प्रवासी
मळमळ आहे सकाळपासून. निघतो.

अनघा_क (रात्री १०:१५)
सहाला ७१, सातला परत ६६. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. आडवं असताना बीपी १२८ होतं, उभं केल्यावर १०२. सोडियम १२७ आलं. आज रात्र तिथेच ठेवलंय, सलाइन चालू आहे, दर दोन तासांनी साखर बघताहेत. ग्लिमेपिराइड आणि ती बीपीची गोळी दोन्ही तूर्त थांबवल्या. दरवर्षी कसं जमायचं हे आत्ता कळलं. ग्लिमेपिराइड जूनमध्ये वाढवली होती आणि बीपीची गोळीही तेव्हाच बदलली. मला हे लिहायला हवं होतं, सुचलंच नाही.
आता त्या म्हणतात, नऊ माळा मोडल्या, देवीचा कोप होईल. काय सांगू?

मुलुंडकर_शाह
आमच्यात आजारी माणसाला तप करायला लावत नाहीत, नियम स्वतःच्या शक्तीप्रमाणे घ्यायचा असतो. मी वर ‘धीर धरा’ लिहिलं ते चुकलंच. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मुगाचं पाणी, मग पातळ खिचडी, असं हळूहळू वाढवा.

सुगरण_नंदा
उठता-बसता करतात की अनेक जणी, घट बसतो त्या दिवशी आणि उठतो त्या दिवशी. बसतानाचा तर झालाच त्यांचा. माळ तुम्ही बांधा, त्यांना बसून आरती म्हणू दे.

वैद्यक_वि
उठतानाचा करायचा तर त्या दिवशीच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या, आणि निरंकार नको, दोन्ही वेळा फराळ हवा. मुगाचं पाणी, खिचडी कधी आणि किती, तेही उद्या तिथेच विचारा, कारण सोडियम हळूहळूच वर यायला हवं.

निसर्ग_मित्र
सोडियमचं मला ठाऊक नव्हतं. तरी निरोगी माणसाने पाणी जास्तच प्यावं असं माझं मत आहे.

वैद्यक_वि
तहानेइतकं प्यावं. पनवेलवाले, वडिलांचं काय झालं?